दोन्ही बाजूंना एकाच नावाचे थांबे: बस नेमकी कुठून पकडायची?

रस्त्याच्या अलीकडे एक थांबा, पलीकडे दुसरा. दोन्हींवर तेच नाव, तसंच शेड, आणि पाटीवर बसचे नंबरही तेच. मधून गाड्यांचा लोंढा वाहत असतो, त्यामुळे "पलीकडे जाऊन बघून येऊ" हे म्हणायला सोपं असलं तरी करायला नाही. अशा ठिकाणी बहुतेक जण बसचा नंबर बघतात आणि निश्चिंत होतात. पण इथे नंबर काहीच ठरवत नाही. ४७ नंबरची बस जाताना ४७ असते आणि येतानाही ४७ असते. दोन्ही थांब्यांवर ती थांबते, दोन्ही पाट्यांवर ती लिहिलेली असते.

म्हणून "माझी बस इथे थांबते का?" हा प्रश्न बाजूला ठेवा. विचारायचा प्रश्न हा: इथून सुटल्यावर माझी बस कुठल्या अंगाला जाते? त्याचं उत्तर शेवटच्या ठिकाणापेक्षा पुढच्या थांब्यावरून जास्त खात्रीने मिळतं. या लेखाचा सगळा भर त्यावरच आहे.

निघण्याआधी तीन नावं

नंबर तर हवाच, पण त्यासोबत आणखी तीन गोष्टी टिपून ठेवा: बसच्या पाटीवर लिहिलेलं शेवटचं ठिकाण, तुम्ही जिथे चढणार त्या थांब्याचं नाव, आणि त्यानंतरच्या लगेचच्या थांब्याचं नाव. हे तिसरं नाव सहसा कुणी टिपत नाही, आणि बाजू ठरवताना तेच कामी येतं.

शेवटचं ठिकाण म्हणजे तुम्हाला जायचं ते ठिकाण नव्हे, हेही ध्यानात असू द्या. तुम्ही मंडईला उतरणार असाल आणि बस पुढे स्टेशनपर्यंत जात असेल, तर कपाळावरच्या पाटीवर "स्टेशन" असेल. पाटीवर "मंडई" दिसत नाही म्हणून समोरून गेलेली बस सोडून देणारे लोक रोज दिसतात.

पुढच्या थांब्याचं नाव मिळवायला फार खटपट लागत नाही. मोबाईलमधल्या नकाशात मार्ग उघडला की बसच्या ओळीत "अमुक थांबे" असं लिहिलेलं असतं. त्यावर बोट ठेवलं की मधल्या थांब्यांची पूर्ण यादी उघडते. तुमच्या थांब्याखालचं पहिलं नाव म्हणजे पुढचा थांबा.

कडेला उभं राहून दिशा ओळखणं

जिथे वाहनं डाव्या बाजूने चालतात, तिथे बस डाव्या कडेला थांबते आणि तिचं दारही डाव्या अंगाला असतं. यावरून एक साधा नियम निघतो. थांब्यावर रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या बाजूची बस उजव्या हाताकडून येणार आणि डाव्या हाताकडे जाणार. पुढचा थांबा तुमच्या डाव्या हाताला असेल तर तुम्ही बरोबर बाजूला आहात. उजव्या हाताला असेल तर रस्ता ओलांडायचा आहे. जिथे वाहतूक उजव्या बाजूने चालते त्या देशांत हेच उलटं करायचं: बस डावीकडून येते, उजवीकडे जाते.

नियम एवढाच आहे, पण त्यात एक अट दडलेली आहे. डावा-उजवा हात पुढच्या *थांब्याशी* जुळवायचा, शेवटच्या ठिकाणाशी नाही. घोटाळा होतो तो नेमका इथे, आणि नवख्यांपेक्षा अर्धीमुर्धी माहिती असणाऱ्यांचा जास्त. स्टेशन कुठल्या दिशेला आहे हे त्यांना ठाऊक असतं, त्यामुळे ते त्या दिशेने जाणाऱ्या बाजूला बेधडक उभे राहतात. बस मात्र सरळ रेषेत जात नसते. तिला पूल, एकेरी रस्ते, वळायला मनाई असलेले चौक हे सगळं सांभाळून जायचं असतं.

एक उदाहरण, पायरीपायरीने

समजा तुम्ही एका रुग्णालयातून बाहेर पडला आहात आणि रेल्वे स्टेशनला जायचं आहे. समोरचा मोठा रस्ता पूर्व-पश्चिम. रुग्णालयाचं फाटक रस्त्याच्या दक्षिण कडेला, आणि फाटकाला लागूनच थांबा. पलीकडे, उत्तर कडेला, तसाच दुसरा थांबा. दोन्हींचं नाव "रुग्णालय". रेल्वेचे रूळ रस्त्याला समांतर, दक्षिणेकडून जातात, आणि स्टेशनची इमारत रुळांच्या पलीकडे आहे. फाटकातून मागे वळून बघितलं तर नैऋत्येला तिचा उंच मनोराही दिसतो.

बस ४७. एका टोकाला पश्चिमेची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या टोकाला स्टेशन.

फाटकाजवळच्या थांब्यावर रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. तोंड उत्तरेला, उजवा हात पूर्वेला, डावा पश्चिमेला. जवळच्या पदरातली वाहनं उजवीकडून डावीकडे, म्हणजे पश्चिमेला चालली आहेत. स्टेशन नैऋत्येला, म्हणजे तेही डाव्याच अंगाला. सगळं कसं जुळून आल्यासारखं वाटतं. शिवाय थांबा फाटकाशीच, रस्ता ओलांडायची कटकट नाही, आणि पाटीवर ४७ आहेच. इथे दहातले नऊ जण उभे राहतील, आणि ४७ मध्ये बसून औद्योगिक वसाहतीला पोचतील.

आता थांब्यांची यादी बघा. स्टेशनकडे जाणाऱ्या ४७ चा क्रम असा: वखार, शाळा, रुग्णालय, पाण्याची टाकी, रेल्वे पूल, मंडई, स्टेशन. रुग्णालयानंतरचं नाव "पाण्याची टाकी". ही टाकी पूर्वेला आहे, फाटकातून उजव्या हाताला लांबवर दिसते. म्हणजे बसला इथून पूर्वेला जायचं आहे, स्टेशनच्या चक्क उलट दिशेला. कारण उघड आहे: स्टेशन रुळांच्या पलीकडे, आणि बसने रूळ ओलांडायचा एकमेव पूल पूर्वेला. बस आधी पूर्वेला जाऊन पूल चढते, पलीकडे उतरते आणि मग पश्चिमेला वळून स्टेशन गाठते.

पुढचा थांबा उजव्या हाताला निघाला, म्हणजे बाजू चुकीची. सिग्नलवरून किंवा पादचारी पुलावरून पलीकडे जा. तिथे पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. आता तोंड दक्षिणेला, उजवा हात पश्चिमेला, डावा पूर्वेला. टाकी डाव्या हाताला आली. बाजू बरोबर.

यावर शिक्कामोर्तब करायचं असेल तर दोन मिनिटं समोरच्या बाजूची वाहतूक बघा. तिकडून एखादी ४७ येताना दिसली, तर ती समोरून जाण्याआधी तिच्या कपाळावरची पाटी वाचा. "औद्योगिक वसाहत" दिसलं की तुमच्या बाजूची ४७ स्टेशनची, हे नक्की. ही पडताळणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला ना इंटरनेट लागतं ना कुणाची मदत. फक्त बस तुमच्याकडे येत असतानाच वाचायला हवं. शेजारून निघून गेल्यावर मागच्या काचेवर अनेकदा नुसता नंबर उरतो, ठिकाण नसतं.

पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग वापरलात तर बाहेर आल्यावर दिशा नव्याने ठरवा. जिन्यात दोन वळणं घेतली की आपण कुठल्या कडेला निघालो याचा अंदाज हटकून चुकतो. भुयाराला चार तोंडं असतील तर मोठ्या रस्त्याऐवजी आडव्या रस्त्याच्या कडेला बाहेर पडण्याचीही शक्यता असते. एखादी ठळक खूण, इथे पाण्याची टाकी, पुन्हा शोधायची आणि हात जुळवायचा.

खांबावरची पाटी काय सांगते

पाटीवर नुसते नंबर असतील तर त्यातून बाजू कळत नाही, हे वर आलंच. नंबरांसोबत शेवटची ठिकाणं लिहिलेली असतील तर काम झालं. पण दोन्ही टोकांची नावं एकत्र लिहिलेली असतील, म्हणजे "औद्योगिक वसाहत – स्टेशन" असं, तर फसू नका. अशी पाटी दोन्ही खांबांवर हुबेहूब एकसारखी असू शकते. ती मार्गाचं नाव सांगते, दिशा नाही.

काही ठिकाणी खांबावर किंवा शेडच्या आतल्या काचेत थांब्यांची उभी पट्टी लावलेली असते. ती वाचायची रीत अशी. आधी तुमचा थांबा शोधा. त्यावर बाण, ठिपका किंवा वेगळा रंग असतो, आणि लोकांची बोटं लागून लागून तेवढीच जागा पुसट झालेली असते, त्यावरूनही ओळखू येतो. आता तुम्हाला उतरायचं ते नाव त्याच्या *खाली* आहे की *वर*, ते बघा. खाली असेल तर बस तिकडे जायची आहे. वर असेल तर ती तिथून येऊन गेली, तुम्ही उलट्या बाजूला आहात. आडवी पट्टी असेल तर बाणाची दिशा बघून तसंच वाचा. पट्टीवर एखाद्या मार्गावर कागद चिकटवलेला असेल तर तो जरूर वाचा. रस्त्याचं काम चालू असताना बदललेला थांबा बहुधा अशाच कागदावर सापडतो.

काही शहरांत एकाच नावाच्या थांब्यांना वेगवेगळी अक्षरं दिलेली असतात. लंडनमध्ये खांबाच्या माथ्यावरच ते अक्षर असतं, आणि मार्ग सांगताना "अमुक अक्षराच्या थांब्यावरून" असं सांगितलं जातं. अशी सोय असेल तर डावा-उजवा हात करत बसायची गरजच नाही, अक्षर जुळवलं की झालं.

आणखी एक: समोरासमोरचे थांबे खरोखर समोरासमोर असतातच असं नाही. चौक ओलांडल्यावर थांबा देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तसं असेल तर एका बाजूचा थांबा चौकाच्या पूर्वेला आणि दुसऱ्या बाजूचा पश्चिमेला पडतो. त्यामुळे पलीकडे गेल्यावर थांबा दिसला नाही तर "या बाजूला थांबाच नाही" असा निष्कर्ष काढू नका. चौकाच्या दुसऱ्या अंगाला शंभरेक मीटर बघा. गर्दीच्या रस्त्यावर एकाच कडेला मागे-पुढे दोन खांबही असतात, काही नंबर पहिल्यावर आणि काही दुसऱ्यावर. तिथे मात्र नंबर वाचूनच उभं राहायचं.

विचारायचं कसं

थांब्यावरच्या माणसाला "काका, ४७ इथे थांबते का?" असं विचारलं तर उत्तर "हो" येणार, आणि ते खरंही असणार. पलीकडच्या थांब्यावर विचारलं असतं तरी "हो"च आलं असतं. "स्टेशनला हीच बस ना?" हा प्रश्नही तितकाच धोक्याचा, कारण त्यात उत्तर आपणच पुरवतो आणि समोरचा माणूस मान हलवून मोकळा होतो.

प्रश्न असा करा की "हो" म्हणून सुटताच येऊ नये. "ताई, स्टेशनला जायला ४७ अलीकडून मिळते की पलीकडून?" किंवा त्याहून पक्का: "इथून ४७ चा पुढचा थांबा कोणता?" रोज त्या बसने जाणारा माणूस क्षणाचाही विलंब न लावता नाव सांगतो. ज्याला ते नाव आठवत नाही, त्याच्या बाजूविषयीच्या सल्ल्यावर मी तरी विसंबणार नाही. विचारायला थांब्याजवळचा टपरीवाला किंवा चौकातला रिक्षावाला चांगला. उभे असलेले प्रवासी तुमच्याइतकेच नवखे असू शकतात.

बस आल्यावरही दारात पाय ठेवण्याआधी एकदा "स्टेशन?" एवढंच विचारा. वाहकाला किंवा चालकाला त्यात काही वावगं वाटत नाही. पाटीवर विसंबण्यापेक्षा हे बरं, कारण शेवटच्या थांब्यावरून परत फिरताना पाटी बदलायची राहून जाते आणि स्टेशनहून निघालेली बस कपाळावर "स्टेशन" मिरवत फिरत असते. पाटी एक सांगते आणि रस्त्याची बाजू दुसरं, असं झालं तर बाजू खरी मानायची आणि तरीही विचारायचं.

मोबाईल कुठे साथ सोडतो

मोबाईल आपली जागा मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरच्या आत दाखवतो. उंच इमारतींच्या मधे हा फरक बराच वाढतो. चार पदरी रस्ता अंदाजे १४ मीटर रुंद धरला तर निळा ठिपका सहज समोरच्या थांब्यावर जाऊन बसतो. म्हणून "मी नकाशात बरोबर थांब्यावर आहे" याला इथे काही अर्थ नाही. ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ बघा. ते दोन्ही थांब्यांना कवेत घेत असेल, तर मोबाईललाही बाजू माहीत नाही असं समजा. नकाशावरचा दिशादर्शक कोन बस, लोखंडी शेड यांच्याजवळ भरकटतो, तो तर आणखी बेभरवशाचा.

नकाशाचा खरा उपयोग वेगळा आहे. तो पुरेसा मोठा करा, म्हणजे एका नावाची दोन चिन्हं सुटी दिसतील. एकेकावर बोट ठेवा. वेळापत्रकात प्रत्येक नंबरापुढे कुठल्या ठिकाणी जाणारी बस आहे ते लिहिलेलं असतं. ज्या चिन्हाखाली "४७ स्टेशन" आहे, ते चिन्ह तुमचं. ते रस्त्याच्या कुठल्या कडेला आहे, ते जवळच्या पक्क्या खुणेशी जुळवा: रुग्णालयाच्या बाजूला की त्याच्या समोर?

बहुतेक नकाशे हे जाणतात ते जीटीएफएस नावाच्या माहितीच्या साच्यामुळे. वाहतूक संस्था त्यात प्रत्येक खांबाची स्वतंत्र नोंद देऊ शकते. दोघांचं `stop_name` एकच असलं तरी `stop_id` वेगळं असतं. पण संस्थेने दोन्ही खांबांची मिळून एकच नोंद केली असेल, किंवा जागा ढोबळ टाकली असेल, तर नकाशाही तेवढाच ढोबळ दाखवणार. एकच चिन्ह आणि तेही रस्त्याच्या मधोमध दिसलं, की नकाशा मिटा आणि पुढच्या थांब्याच्या युक्तीकडे वळा.

नंबर वाचताना

बाजू बरोबर असूनही बस चुकू शकते ती नंबराच्या शेपटामुळे. ४७ आणि १४७ लांबून सारखे दिसतात, विशेषतः पहिला अंक समोरच्या गाडीआड गेला असेल तर. ४७ च्या मागे अक्षर असेल तर मार्ग बहुतेक वाटेभर तोच, पण शेवटी फाटा फुटतो किंवा बस अर्ध्यावरच परत फिरते. जलद बस तुमच्या थांब्यावर थांबेल, पण तुम्हाला उतरायचं तिथे थांबेलच असं नाही. तिन्हींवर उपाय एकच: नंबर पूर्ण वाचायचा आणि शेवटचं ठिकाण ताडून बघायचं.

जिथे हा नियम चालत नाही

एकेरी रस्त्यावर दोन्ही कडांना थांबे असले तरी वाहतूक एकाच दिशेची असते. परतीची बस शेजारच्या समांतर रस्त्यावरून जाते. तिथे "सकाळी उतरलो त्याच्या समोर उभं राहू" हा हिशेब कोसळतो. सगळी वाहनं एकाच दिशेला जाताना दिसली की परतीचा थांबा दुसऱ्या रस्त्यावर शोधायचा.

बससाठी वेगळी मार्गिका रस्त्याच्या मधोमध असेल तर थांबाही मधोमध असतो आणि कधी एकाच फलाटाच्या दोन्ही कडांना दोन दिशांच्या बस लागतात. अशा बसना उजव्या अंगालाही दारं असतात, त्यामुळे कडेचा नियम इथे लावायचा नाही. फलाटाच्या कडेवरची दिशेची पाटी वाचायची, किंवा एक बस जाऊ द्यायची आणि ती कुणीकडे गेली ते बघायचं.

वर्तुळाकार मार्गांत शेवटचं ठिकाण आणि सुरुवातीचं ठिकाण एकच. दोन्ही बाजूंच्या बसच्या पाटीवर तेच नाव दिसतं. तिथेही पुढचा थांबाच निर्णय देतो. वर्तुळात उलट्या बसमध्ये बसलात तरी पोचाल, फक्त उरलेलं अख्खं वर्तुळ फिरून.

चुकीच्या बसमध्ये बसल्यावर

बसल्याबसल्या पहिलाच थांबा ताडून बघा. "पाण्याची टाकी"ऐवजी "शाळा" आली, की लगेच कळलं. निळा ठिपका आता उपयोगी पडतो, कारण बस चालू असताना तो कुठल्या दिशेने सरकतोय हे स्पष्ट दिसतं. मात्र पहिल्या वळणावर घाबरून उतरू नका. उदाहरणातली बस सुरुवातीला स्टेशनच्या उलटच जाते. थांब्यांचं नाव चुकलं तरच बस चुकली.

खरंच चुकली असेल तर उठून वाहकाला सांगा आणि परतीची बस कुठून सोयीची ते विचारा. पुढच्याच थांब्यावर उतरणं नेहमीच शहाणपणाचं नसतं: तिथे पादचारी पूल नसेल, किंवा रस्ता दुभाजकाने बंद असेल, तर सिग्नल असलेल्या चौकापर्यंत आणखी एक-दोन थांबे बसून राहिलेलं बरं. शेवटचं ठिकाण दोन थांब्यांवर आलं असेल तर तिथपर्यंत जा. तिथून परतीची बस सुटते आणि बसायला जागा मिळते. तिकीट मात्र नव्याने काढावं लागेल का, ते उतरण्याआधीच विचारून घ्या.